संगणकावरील शिळी बेरीज : बिल छापण्यापूर्वी एवढे पाहा

व्यापारी बंधूंनो, वहीखात्यात बेरीज चुकली तर ती माणसाच्या हातून चुकते, आणि पडताळणी केली म्हणजे सापडते. एक्सेलमध्ये मात्र एक वेगळाच प्रकार घडतो. सूत्र बरोबर असते, आकडे बरोबर टाकलेले असतात, तरीही बेरीज जुनीच राहते. संगणक चुकीचा हिशेब करत नाही. तो हिशेब करतच नाही, कोणी सांगेपर्यंत थांबून राहतो. आज अनेक पेढ्यांवर बिल, साठा आणि उधारी एक्सेलमध्येच ठेवली जाते, म्हणून हा प्रकार आपण नीट समजून घेऊ.

एक्सेलमध्ये हिशेब करण्याच्या मुख्य दोन रीती आहेत. पहिली `Automatic`, म्हणजे आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे तत्काळ बदलतात. दुसरी `Manual`, म्हणजे आकडा बदलला तरी बाकी सर्व जागच्या जागी राहते. `F9` हे बटण दाबले म्हणजेच नवा हिशेब होतो. ही सोय नवी नाही. १९७९ साली आलेल्या व्हिजिकॅल्क या पहिल्या गाजलेल्या हिशेबी प्रोग्रॅममध्येही ती होती, कारण त्या काळचे संगणक इतके धीमे होते की प्रत्येक आकड्यामागे पूर्ण हिशेब करणे त्यांना झेपत नसे. आजही हजारो ओळींची मोठी साठा-फाईल असेल आणि प्रत्येक नोंदीनंतर पडदा काही सेकंद अडकत असेल, तर माणसे मुद्दाम `Manual` लावतात. त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा ही रीत लागलेली आहे हे बसणाऱ्याला ठाऊकच नसते.

आता एक उदाहरण घेऊ. कापडाचे एक बिल आहे. ब रकान्यात मीटर, क मध्ये दर आणि ड मध्ये रक्कम. पडद्यावर हे रकाने `B`, `C` आणि `D` असे दिसतात. दुसऱ्या ओळीत ग्रे कापड १,२०० मीटर, दर ३८, रक्कम ४५,६००. तिसऱ्या ओळीत पॉपलिन ८०० मीटर, दर ६२, रक्कम ४९,६००. चौथ्या ओळीत अस्तर ५०० मीटर, दर २४, रक्कम १२,०००. पाचव्या ओळीत लुंगीचे कापड ६५० मीटर, दर ४८, रक्कम ३१,२००. खाली ही सूत्रे आहेत :

```
D3: =B3*C3
D6: =SUM(D2:D5)
D7: =D6*5%
D8: =D6+D7
```

बेरीज १,३८,४०० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी ६,९२०, एकूण १,४५,३२०. येथवर सर्व ठीक.

इतक्यात गिऱ्हाइकाचा फोन येतो की पॉपलिन ८०० नको, १,१०० मीटर द्या. मुनीम `B3` मध्ये १,१०० टाकतो आणि बिल छापतो. फाईल `Manual` वर असेल तर मीटरच्या जागी १,१०० दिसतील, पण त्यापुढे रक्कम ४९,६०० आणि तळाला १,४५,३२० तसेच राहील. खरा हिशेब असा : पॉपलिनचे ६८,२००, बेरीज १,५७,०००, जीएसटी ७,८५०, एकूण १,६४,८५०. म्हणजे ३०० मीटर कापड गाडीत चढले आणि त्याचे १९,५३० रुपये बिलात आलेच नाहीत.

असे म्हणाल की १,१०० गुणिले ६२ म्हणजे ४९,६०० नव्हे, हे कोणाही कापडवाल्याच्या नजरेस पडेल. खरे आहे. ज्या ओळीत अर्धे आकडे ताजे आणि अर्धे शिळे असतात ती ओळ स्वतःच बोलते. खरा धोका पूर्ण शिळ्या ओळीचा असतो. समजा दर बिलात हाताने न टाकता ‘दर’ नावाच्या वेगळ्या पानावरून सूत्राने येतो. बिलाचा हिशेब आता नीट झालेला आहे : १,१०० मीटर, दर ६२, रक्कम ६८,२००. त्यानंतर दराच्या पानावर पॉपलिन ६२ चे ६६ केले. `Manual` असेल तर बिलात दर ६२ च राहील आणि रक्कमही ६८,२०० च. दोन्ही शिळे, पण एकमेकांशी तंतोतंत जुळणारे. कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तरी गुणाकार बरोबर येईल आणि बेरीजही बरोबर येईल. मात्र खरी रक्कम ७२,६०० आहे. जीएसटी धरून ४,६२० रुपयांचा खड्डा पडला. म्हणून बिलाची पडताळणी नुसत्या गुणाकाराने पुरी होत नाही; दर मूळ दरपत्रकाशी ताडून पाहावा लागतो.

अशा वेळी काही जण त्या एका घरात जाऊन `F2` आणि मग `Enter` दाबतात. त्याने तेवढेच घर ताजे होते. आपल्या उदाहरणात `D3` मध्ये ६८,२०० येतील, पण तळाची बेरीज १,३८,४०० च राहील. ओळ दुरुस्त दिसल्याने माणूस निश्चिंत होतो आणि एकूण रक्कम तशीच चुकीची छापली जाते. हा अर्धा इलाज काही न करण्यापेक्षा वाईट.

आता प्रश्न असा की, कोणी हात लावला नसताना फाईल `Manual` वर जाते कशी? याचे उत्तर फार थोड्यांना ठाऊक आहे. ही रीत एकेका फाईलपुरती नसते. उघड्या असलेल्या सर्व फायलींना एकच रीत लागू होते, आणि ती ठरते सकाळी सर्वांत आधी उघडलेल्या फाईलवरून. समजा कोणाकडून आलेली मोठी साठा-फाईल `Manual` वर जतन केलेली आहे. ती आधी उघडली आणि नंतर आपली बिलाची फाईल उघडली, तर आपली फाईलही `Manual` वर चालू लागते. त्याच अवस्थेत ती जतन केली की तिच्यावरही तीच खूण बसते. दुसऱ्या दिवशी ती पहिली उघडली तर दुखणे पुढच्या फायलींना लागते. उलट, आधी चांगली फाईल उघडली तर तीच बिघडलेली फाईल ठीक चालते. ‘काल होत नव्हते, आज आपोआप झाले’ असे मुनीम सांगतो ते बहुधा यामुळेच. संगणकवाला येऊन काही दोष नाही म्हणून निघून जातो, तेही यामुळेच.

दुसरे कारण मॅक्रो. काम लवकर व्हावे म्हणून मॅक्रो लिहिणारा सुरुवातीला पहिली ओळ घालतो आणि शेवटी दुसरी :

```
Application.Calculation = xlCalculationManual
Application.Calculation = xlCalculationAutomatic
```

मॅक्रो मध्येच अडकून बंद पडला तर दुसऱ्या ओळीपर्यंत पोचतच नाही, आणि एक्सेल `Manual` वरच राहते.

यातून आणखी एक गुंता होतो, आणि तो माणसामाणसांत संशय निर्माण करणारा आहे. `File`, `Options`, `Formulas` येथे `Recalculate workbook before saving` अशी एक खूण असते आणि ती सहसा लावलेलीच असते. म्हणजे फाईल जतन करताना हिशेब आपोआप ताजा होतो. आता क्रम पाहा. मुनीमाने आकडा बदलला, बिल छापले, आणि मग फाईल जतन केली. कागदावर १,४५,३२० छापले गेले, पण फाईलमध्ये १,६४,८५० राहिले. महिन्याने वसुलीच्या वेळी गिऱ्हाईक कागद दाखवतो आणि पेढी संगणक दाखवते. दोघेही खरे बोलत असतात आणि दोघांनाही वाटते की समोरच्याने आकडा फिरवला. असा तंटा समोर आला तर एवढेच पाहावे, दोन रकमांमधील फरक एखाद्या शेवटच्या बदलाएवढा आहे काय? येथे फरक १९,५३० आहे, म्हणजे ३०० मीटर गुणिले ६२ अधिक ५ टक्के. हिशेब असा नेमका जुळला तर बेइमानीचा आरोप करण्यापूर्वी शिळ्या बेरजेचा विचार अवश्य करावा.

ओळखायचे कसे, तेही सांगतो. पडद्याच्या तळाशी डावीकडे जी पट्टी असते तेथे `Calculate` हा शब्द दिसत असेल तर हिशेब बाकी आहे असे समजावे. दुसरी खूण सूत्र खाली ओढताना दिसते : पहिल्या ओळीतील सूत्र खालच्या ओळींत ओढले आणि सर्वत्र ४५,६०० हाच आकडा उमटला, तर निश्चित `Manual` आहे. तिसरी परीक्षा हाताने करावी. कोणत्याही मीटरच्या घरात आकडा एकाने वाढवा. तळाची बेरीज हलली नाही तर समजून जा, आणि आकडा परत पूर्ववत करा. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नव्या आवृत्तीत शिळ्या आकड्यांवर आडवी रेघ मारून दाखवण्याचीही सोय आली आहे. जुन्या एक्सेलमध्ये ती नाही.

`F9` दाबल्यावरही बेरीज हलली नाही तर रोग दुसरा आहे. एखादा आकडा अक्षर म्हणून टाकला गेला असेल, किंवा नवी ओळ बेरजेच्या सूत्राच्या बाहेर राहिली असेल. त्यावर `F9` चा उपयोग नाही. सूत्र उघडून पाहावे लागेल.

इलाज सोपा आहे. वरच्या पट्टीत `Formulas` मध्ये `Calculation Options` येथे जाऊन `Automatic` निवडावे आणि फाईल जतन करावी. बिल, उधारी आणि पगाराच्या फायली नेहमी `Automatic` वरच असाव्यात. त्या इतक्या लहान असतात की वेळेची बचत होतच नाही. मोठी साठा-फाईल `Manual` वर ठेवणे भाग असेल तर तिचे काम संपल्यावर एक्सेल पूर्ण बंद करावे आणि मगच बिलाची फाईल उघडावी. त्या साठा-फाईलमधून यादी छापायची असेल तर आधी `F9` दाबावे, तळाचा `Calculate` शब्द गेला याची खात्री करावी, आणि त्यानंतरच कागद काढावा. आधी हिशेब, मग जतन, मग छपाई. हा क्रम संगणकावर बसणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशीच शिकवावा.