टोपीचा काठ पाहा, मग नाव लिहा

व्यापारी बंधूंनो, नमुना हाती येताच आधी काठ पाहावा. काठच नसलेली, मऊ लोकरीची चपटी गोल टोपी म्हणजे बेरे. फक्त पुढे लहान कडक छज्जा आणि माथ्याचे कापड त्यावर ओढून टाचलेले, ती फ्लॅट कॅप. चहूकडे खाली उतरणारा, शिलाईच्या ओळींचा सुती काठ असेल तर बकेट हॅट.

गफलत होते फेडोरा व ट्रिल्बीत. दोन्हींच्या माथ्यावर खाच आणि पुढे चिमटा असतो. म्हणून पट्टी लावावी. काठ अडीच इंचांच्या आसपास भरला तर फेडोरा. समजा दीडच इंच भरला, मागे वर वळलेला आहे आणि माथाही ठेंगणा आहे, तर ती ट्रिल्बी. बिलावर फेडोरा लिहिल्यास माल परत येऊ शकतो.