‘आहे’, ‘असते’ आणि ‘मिळेल’ : लॉजच्या माहितीचा अनुवाद

हैदराबादचा बेगम बाजार ही मुसी नदीच्या उत्तरेकडची जुनी घाऊक पेठ. दुसरे असफजाह निजाम अली खान यांच्या बेगम हमदा बेगम यांनी ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून पेठेला हे नाव पडले, असे सांगितले जाते. पितळी-स्टीलची भांडी, सुकामेवा, मसाले आणि लग्नाचे सामान घेण्यासाठी नांदेड, देगलूर, उदगीर या भागांतील मराठी माणसे आजही येथे येतात. उस्मानिया रुग्णालयही जवळच असल्याने रुग्णांच्या नातेवाइकांनाही एक-दोन रात्रींपुरती खोली लागते. पूर्वी असा माणूस लॉजच्या काउंटरवर जाऊन खोली पाहत असे आणि मग पैसे देत असे. आता तो प्रवास-संकेतस्थळावरची माहिती वाचून घरूनच खोली ठरवतो. त्यामुळे त्या माहितीतील प्रत्येक वाक्य हे त्याच्या दृष्टीने आश्वासन ठरते.

अशा माहितीचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करताना सोयी नकळत कशा वाढतात आणि ते कसे टाळावे, हे प्रस्तुत लेखात एका नमुन्याच्या आधारे पाहू. नमुना कोणत्याही प्रत्यक्ष लॉजचा नसून वर्गातील सरावासाठी रचलेला आहे. मात्र अशा मजकुराची नेहमीची घडण त्यात आहे.

मूळ मजकूर आणि पहिला मसुदा

मूळ इंग्रजी मजकूर असा : ‘एसी अँड नॉन-एसी रूम्स. हॉट वॉटर इन द मॉर्निंग. फ्री वाय-फाय इन लॉबी. पार्किंग सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी. ट्वेंटी-फोर अवर चेक-आउट. पॉवर बॅकअप. क्लोज टू रेल्वे स्टेशन.’

विद्यार्थ्यांकडून येणारा पहिला मसुदा बहुधा पुढीलप्रमाणे असतो : ‘प्रशस्त वातानुकूलित खोल्या, गरम पाण्याची सोय, मोफत वाय-फाय, पार्किंगची उत्तम व्यवस्था, चोवीस तास चेक-आउट, अखंड वीजपुरवठा आणि रेल्वे स्टेशनपासून अगदी जवळ.’

भाषा म्हणून यात दोष काढता येणार नाही. वाक्य ओघवते आहे. तरीही सातही सोयींत काहीतरी बदलले आहे. ‘प्रशस्त’ आणि ‘उत्तम’ हे शब्द मुळात नाहीत. ‘नॉन-एसी’, ‘सकाळी’, ‘लॉबीत’ आणि ‘जागा असल्यास’ ही चारही बंधने गळून पडली आहेत. अनुवादकाने जाणूनबुजून खोटे लिहिलेले नाही. जाहिरातीचे मराठी जसे कानावर पडते, तसे ते हातून उतरले आहे. येथे कान फसवतो, म्हणून एकेक सोय वेगळी काढून तपासावी लागते.

क्रियापदाचा प्रश्न

गरम पाण्यापासून सुरुवात करू. मराठीत ही एक गोष्ट चार प्रकारे सांगता येते : गरम पाणी आहे, गरम पाणी असते, गरम पाणी मिळते, गरम पाणी मिळेल. ‘आहे’ म्हटले की सोय कायमची, हवी तेव्हा हाती येणारी वाटते. वाचणारा खोलीत गीझर आहे असे समजतो. ‘असते’ रिवाज सांगते आणि त्याच्याबरोबर वेळ आपोआप मागते : कधी असते? ‘मिळते’ या शब्दात देणारा कोणी तरी आहे. म्हणजे मागावे लागेल, कदाचित बादलीने आणून दिले जाईल. दुकानाच्या पाटीवर ‘येथे चहा मिळेल’ असे आपण सर्रास वाचतो. तिथे भविष्यकाळ केवळ रूढीचा असतो. पण पैसे आगाऊ भरलेल्या माणसाला ‘मिळेल’ हा शब्द वचनासारखा लागतो.

‘गरम पाण्याची सोय’ या नामवजा रचनेत तर क्रियापदच नाही. त्यामुळे वेळ, ठिकाण आणि देणारा हे तिन्ही प्रश्न झाकले जातात. जाहिरातीत अशी क्रियापदरहित रचना सर्वांत जास्त वापरली जाते आणि सर्वांत जास्त फसवते. म्हणून पहिला नियम असा की प्रत्येक सोयीचे एक पूर्ण वाक्य करून पाहावे. ‘गरम पाणी सकाळी असते’ असे लिहिताच अनुवादकालाच प्रश्न पडतो : किती ते किती? मालकाला विचारल्यावर ‘सहा ते नऊ, बाथरूमच्या नळाला’ असे उत्तर आले, तर वाक्य झाले : ‘बाथरूमच्या नळाला सकाळी ६ ते ९ गरम पाणी असते.’ पूर्ण वाक्यात जे समजले, ते जागा कमी असल्यास नंतर आखूड करता येते. पण आधी पूर्ण वाक्य व्हायला हवे.

व्याप्तीचा प्रश्न

‘एसी अँड नॉन-एसी रूम्स’ याचे ‘वातानुकूलित खोल्या’ केले की सर्वच खोल्या वातानुकूलित झाल्या. मराठीत नामाला ‘काही’, ‘सर्व’, ‘फक्त’ यांपैकी शब्द जोडला नाही, तर वाचक ‘सर्व’ असाच अर्थ घेतो. म्हणून ‘एसी आणि बिगर-एसी अशा दोन प्रकारच्या खोल्या’ असे लिहावे. ‘वातानुकूलित’ या शब्दाचा आणखी एक धोका आहे. कूलर बसवलेल्या खोलीलाही काही ठिकाणी हा शब्द लावलेला दिसतो. लोकांच्या बोलण्यात ‘एसी’ आणि ‘कूलर’ हे दोन स्पष्ट शब्द आहेत. तेच वापरावेत.

वाय-फायचे तसेच. मुळात ‘लॉबीत’ हा शब्द आहे. तो गाळल्यास खोलीत बसून काम करण्याच्या भरवशावर आलेल्या पाहुण्याला जिन्यावरून खाली यावे लागेल. ‘पॉवर बॅकअप’ याचा ‘अखंड वीजपुरवठा’ होत नाही. इन्व्हर्टरवर साधारणपणे दिवे आणि पंखे चालतात. एसीसाठी जनरेटर लागतो. यातले काय आहे, हे मालकाकडून कळेपर्यंत अनुवाद पुरा झाला असे मानू नये.

‘चोवीस तास’ म्हणजे काय?

या नमुन्यातील सर्वांत महाग पडणारी चूक ‘चोवीस तास चेक-आउट’ या शब्दांत आहे. मराठीत ‘चोवीस तास’ म्हणजे अष्टौप्रहर, केव्हाही. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की रात्री-अपरात्री केव्हाही खोली सोडता येईल. लॉजच्या व्यवसायात मात्र याचा अर्थ वेगळा आहे : पाहुणा ज्या वेळी खोली घेतो, त्या वेळेपासून चोवीस तासांचा एक दिवस धरला जातो. दुसरी पद्धत ठरावीक वेळेची, उदाहरणार्थ दुपारी बाराची.

फरक पैशांचा आहे. समजा, देगलूरचा एक व्यापारी सकाळी सहाला खोली घेतो, दिवसभर खरेदी करतो आणि रात्री नऊच्या बसने परततो. चोवीस तासांच्या पद्धतीत त्याला एका दिवसाचे भाडे पडते. बाराच्या पद्धतीत त्याच दिवशी दुपारी त्याचा पहिला दिवस संपू शकतो आणि रात्रीपर्यंत थांबल्यास दुसऱ्या दिवसाचे भाडे मागितले जाऊ शकते. म्हणून येथे शब्दाला शब्द न ठेवता हिशोब सांगावा : ‘खोली घेतल्याच्या वेळेपासून २४ तासांचे भाडे एक दिवस धरले जाते.’ ‘पासून’ या एका शब्दाने संदिग्धता जाते.

कोणते स्टेशन?

‘रेल्वे स्टेशनजवळ’ हे परभणीत किंवा लातुरात चालेल. हैदराबादेत नामपल्ली, काचिगुडा, सिकंदराबाद अशी अनेक मोठी स्टेशने आहेत. बेगम बाजाराला नामपल्ली तुलनेने जवळ आहे; सिकंदराबाद हुसेनसागराच्या पलीकडे. मराठवाड्यातून येणाऱ्या गाड्या वेगवेगळ्या स्टेशनांवर थांबतात. तेव्हा स्टेशनचे नाव आणि अंतर दोन्ही लिहावे. बसने येणाऱ्यांसाठी महात्मा गांधी बस स्थानकाचे अंतरही द्यावे. ‘पायी पाच मिनिटे’ हे रविवारच्या पहाटे खरे असेल. हातगाड्या आणि टेम्पो भरत असताना त्याच गल्लीतून सामान घेऊन जायला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून मिनिटांऐवजी अंतर द्यावे. त्याच कारणाने पार्किंगविषयी ‘लॉजसमोर जागा असल्यास दुचाकी लावता येते, चारचाकीसाठी आधी फोन करावा’ असे लिहिणे योग्य, अर्थात मालकाने तसे सांगितले असेल तरच.

कायद्याची बाजू

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. सेवेचे खोटे वर्णन करणे तीत येतेच. महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणेही येते. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुवादकाने लक्षात ठेवावी अशी एक तरतूद आहे : ज्या भाषेत दावा केला आहे, त्याच भाषेत त्याची अटही दिली पाहिजे. म्हणजे वर मराठीत ‘मोफत नाश्ता’ आणि खाली इंग्रजीत ‘ठरावीक खोल्यांसाठीच’ असे चालणार नाही. तसेच वरचा दावा दिशाभूल करणारा असेल, तर खाली अट जोडून तो दुरुस्त झाला असे मानले जात नाही. मर्यादा दाव्याच्या वाक्यातच यायला हवी.

दुरुस्त मसुदा

मालकाची उत्तरे मिळाल्यावर, आणि ती पुढीलप्रमाणे आहेत असे धरून, मजकूर असा होईल :

‘एसी आणि बिगर-एसी अशा दोन प्रकारच्या खोल्या आहेत. बाथरूमच्या नळाला सकाळी ६ ते ९ गरम पाणी असते. वाय-फाय मोफत आहे, पण फक्त लॉबीत चालते. समोर जागा असल्यास दुचाकी लावता येते. चारचाकीसाठी आधी फोन करावा. खोली घेतल्याच्या वेळेपासून २४ तासांचे भाडे एक दिवस धरले जाते. वीज गेल्यास दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर चालतात; एसी चालत नाही. नामपल्ली रेल्वे स्टेशन सुमारे २ किलोमीटर.’

हा मजकूर पहिल्यापेक्षा लांब आहे, आणि संकेतस्थळ अक्षरांची मर्यादा घालते ही खरी अडचण आहे. तेव्हा काय गाळावे याचा क्रम ठरलेला असावा : आधी विशेषणे, मग ती सोयच, तिची अट कधीही नाही. वाय-फायची अट मावत नसेल तर वाय-फायचा उल्लेखच काढावा.

आणखी एक मर्यादा. संकेतस्थळावर सोयींची एक ठरीव यादी असते आणि मालक तिच्यावर खुणा करतो. तिथले ‘पार्किंग’, ‘एसी’ हे शब्द अनुवादकाच्या हातात नसतात. वर्णन आणि खुणा यांत विसंगती दिसली, तर ती लेखी कळवावी आणि खूण काढण्यास सांगावे. मालकाने ऐकले नाही, तरी वर्णनातले वाक्य त्या खुणेशी जुळवून घेऊ नये.

अभ्यासासाठी

१. ‘एक्स्ट्रा बेड ऑन रिक्वेस्ट’ याचा अनुवाद करण्यापूर्वी मालकाला कोणते तीन प्रश्न विचाराल? (पलंग की गादी, याचा विचार करा.)

२. ‘फॅमिली रूम’, ‘फॅमिली लॉज’ आणि ‘कुटुंबासाठी योग्य’ या तिन्हींत वाचकाला कोणते वेगवेगळे आश्वासन मिळते?

३. आपल्या गावातील एखाद्या लॉजची मराठी पाटी घ्या. तिच्यावरील प्रत्येक सोयीचे पूर्ण वाक्य करा आणि कोणत्या वाक्याला ‘कधी’, ‘कुठे’ किंवा ‘किती’ यांचे उत्तर नाही, ते लिहा.