उत्तर बरोबर, पण विचार चुकीचा : अपूर्णांकांचे दोन प्रश्न



सहावीच्या घटक चाचणीत एका मुलीला अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण होते. ३/७ आणि ५/७ यांत मोठा कोणता, १/३ आणि १/५ यांत मोठा कोणता, सगळं बरोबर. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून मी फळ्यावर २/३ आणि ३/४ लिहिले आणि विचारलं, "मोठा कोणता?" ती लगेच म्हणाली, "बाई, दोन्ही सारकेच. दोघांतय एकेकच तुकडो उरता ना!"

मी तिची चाचणी पुन्हा काढून बघितली. ती प्रत्येक ठिकाणी छेदातून अंश वजा करत होती. ज्याची वजाबाकी लहान, तो अपूर्णांक मोठा. ३/७ मध्ये ४ उरतात, ५/७ मध्ये २ उरतात, म्हणून ५/७ मोठा. १/३ मध्ये २ उरतात, १/५ मध्ये ४ उरतात, म्हणून १/३ मोठा. दोन्ही उत्तरं बरोबर आणि पद्धत पूर्ण चुकीची!

नंतर कागद घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, की हा योगायोग नव्हता. छेद समान असतील तर ही वजाबाकी कायम बरोबर उत्तर देते. अंश समान असतील तरीही कायम बरोबर उत्तर देते. आणि आपण चाचणीत सुरुवातीला हेच दोन प्रकार घालतो. म्हणजे अशा दहा काय, शंभर प्रश्नांतूनही तिची चूक मला कळली नसती.

तीन चुकीचे विचार

लहान-मोठेपणात मुलांचे तीन चुकीचे विचार वारंवार दिसतात.

पहिला : 'मोठे आकडे तो मोठा अपूर्णांक'. मूल अंश आणि छेद या दोन सुट्या संख्या समजतं. आपण ३/४ चं वाचन 'तीन छेद चार' असं करतो, त्यात कानावर दोन संख्याच पडतात. तेच मूल घरी 'पाऊण तास' म्हणतं तेव्हा पाऊण म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त हे त्याला पक्कं माहीत असतं. पण पाऊण आणि ३/४ यांची गाठ त्याच्या मनात पडलेली नसते.

दुसरा : 'छेद मोठा तर अपूर्णांक लहान'. हा नियम बहुतेक वेळा आपणच दिलेला असतो. मीही दिला होता. 'अंश समान असतील तर' ही अट आपण सांगतो, पण मुलं तेवढीच गाळून लक्षात ठेवतात.

तिसरा : वर सांगितलेली वजाबाकी. 'कमी उरलं तो मोठा, सारखं उरलं तर दोन्ही सारखे.'

दोनच प्रश्न

आता असे प्रश्न हवेत, की प्रत्येक विचाराचं उत्तर वेगळं यावं. मी हे दोन वापरते. दोन्हींत 'सारखे' हा पर्याय ठेवायचाच.

प्रश्न १ : १/३ आणि १/५. मोठा कोणता, की दोन्ही सारखे?
प्रश्न २ : २/३ आणि ३/४. मोठा कोणता, की दोन्ही सारखे?

उत्तरांच्या जोड्या अशा वाचायच्या :

- १/५ आणि ३/४ : मूल मोठे आकडे बघतंय.
- १/३ आणि २/३ : मूल फक्त छेद बघतंय.
- १/३ आणि सारखे : मूल वजाबाकी करतंय.
- १/३ आणि ३/४ : दोन्ही बरोबर.

पहिल्या ओळीतल्या मुलाचा दुसरा प्रश्न बरोबर आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतल्या मुलांचा पहिला. गुण दिले तर तिघांनाही दोनपैकी एक. पण तिघांची अडचण वेगळी आहे आणि त्यांना शिकवायचंही वेगळं आहे. म्हणून या प्रश्नांना गुण देऊ नयेत. प्रत्येक उत्तराखाली 'असं का वाटलं?' एवढी एक ओळ लिहायला सांगावी. काही मुलं अंदाजाने उत्तर ठोकतात, ती या ओळीत कळतात. लिहायला अडखळणाऱ्या मुलाला जवळ बोलावून त्याच्या बोलीत सांगू द्यावं. मालवणीत ते जास्त नीट सांगतं.

मग पुढे काय?

त्या मुलीला मी लगेच 'चूक' म्हटलं नाही. फक्त विचारलं, "मग १/२ आणि ९९/१०० मध्येपण एकेकच उरतो. तेही सारखे?" ती थांबली. अर्धं घावन आणि जवळजवळ अख्खं घावन सारखं कसं असेल, हे तिचं तिलाच पटेना.

मग एकाच लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घेतल्या. एकीचे तीन समान भाग, दुसरीचे चार. दोन्हींत एकेक भाग सोडून बाकीचे रंगवले. पट्ट्या एकाखाली एक ठेवल्यावर ती म्हणाली, तिघांतला उरलेला तुकडा मोठा आहे. म्हणजे २/३ मध्ये जास्त उरलं, म्हणून २/३ लहान. 'किती उरलं' हा तिचा विचार उपयोगीच होता. ती उरलेले तुकडे मोजत होती, त्यांचा आकार बघत नव्हती, एवढीच चूक. इथे पट्ट्या आयत्याच द्याव्यात. मुलांना वहीत काढू दिलं तर चार भागांची पट्टी ती हमखास लांब काढतात आणि तुलनाच बिघडते.

फक्त छेद बघणाऱ्या मुलाला १/२ आणि ७/८ द्यावेत. मोठे आकडे बघणाऱ्याला आधी पाव, अर्धा, पाऊण हे शब्द १/४, १/२, ३/४ शी जोडून द्यावेत आणि मग पट्टीवर १/३ व १/५ दाखवावेत.

दोन्ही बरोबर आले तरी

चौथ्या ओळीतली सगळी मुलं समजून उत्तर देतात असं नाही. तिरकस गुणाकार पाठ असलेलं मूल २ × ४ = ८ आणि ३ × ३ = ९ करून ३/४ लिहितं. पद्धत बरोबरच आहे, पण समज आहे की नाही ते त्यातून कळत नाही. त्यांच्यासाठी एक जुना प्रसिद्ध प्रश्न आहे. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत तो १३ वर्षांच्या मुलांना विचारला होता : १२/१३ + ७/८ याचं उत्तर साधारण किती? १, २, १९ की २१? दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एकेक आहेत, म्हणून २. पण २४ टक्के मुलांनीच २ निवडलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे नुसते अंश किंवा नुसते छेद मिळवले.

हा प्रश्न फळ्यावर लिहून पेन खाली ठेवायला सांगा, नाहीतर मुलं लगेच समच्छेद करायला बसतात. पालकही घरी तोंडी विचारू शकतात. मात्र १९ उत्तर आलं तर रागावू नका. "१२/१३ घावन म्हणजे एका घावनापेक्षा जास्त की कमी?" एवढंच विचारा आणि थांबा.