‘वार्षिक’ची पाच सोंगं

तालुक्याच्या गावात गेली वीस-बावीस वर्षं डीटीपी करतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांची प्रगतिपुस्तकं ही रोजची कामं. पूर्वी गिऱ्हाईक मॅटर कागदावर लिहून आणायचं, आता फोनवर पाठवतं. त्यामुळे दिवसातून एकदा तरी कुणीतरी फोन पुढे करून म्हणतं, “भाऊ, हे असं का दिसतंय?” अहवाल छापायचे म्हटलं की ‘वार्षिक’ हा शब्द आलाच. मी तो इतक्या वेगवेगळ्या प्रकारे बिघडलेला पाहिलाय, की आता बिघाडाचा चेहरा बघूनच दुखणं कुठलं ते कळतं.

१. चौकोन दिसले तर अक्षरं शाबूत आहेत.

□□□□ असं दिसलं की लोक मॅटर पुन्हा टाइप करायला बसतात. बसू नये. प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये एक क्रमांक असतो आणि मेसेजमधून जातो तो क्रमांक. चित्र काढायचं काम समोरच्या फोनमधल्या फॉन्टचं. त्या क्रमांकाचं चित्र कुठल्याच फॉन्टमध्ये सापडलं नाही, की फोन रिकामा चौकोन काढून मोकळा होतो. खात्री करायची तर तोच मेसेज दुसऱ्या फोनवर फॉरवर्ड करावा. तिथे नीट दिसला, तर दोष पहिल्या फोनचा.

हल्ली सगळा मेसेज चौकोनी झालेला क्वचित दिसतो. दिसतो तो एखादाच चौकोन, आणि तो बहुधा ‘ॲ’च्या जागी. ‘ॲप’चं ‘□प’ होतं. ‘अ’वर चंद्र असलेलं हे आपलं अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधी बनलेल्या फॉन्टमध्ये ते असणार कुठून? रुपयाचं ₹ हे चिन्ह 2010चं, त्याचीही तीच गत. कधी चौकोन येत नाही, पण ‘ॲ’ जाड आणि पुढची अक्षरं बारीक दिसतात. म्हणजे तेवढं एक अक्षर फोनने दुसऱ्या फॉन्टकडून उसनं आणलेलं असतं.

कॉम्प्युटरवर उपाय सोपा आहे. विंडोज 10मध्ये Optional features मध्ये जाऊन Devanagari Supplemental Fonts घेतलं की मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट येतात. स्मार्टफोनला सिस्टीमचा अपडेट द्यावा. साध्या बटणाच्या जुन्या फोनवर मात्र इलाज नाही. अशा माणसाला मी मजकुराचा फोटोच पाठवतो.

२. प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षरं गेली.

हा धडा एका पतसंस्थेच्या सभेने शिकवला. सभासदांना एसएमएस गेला आणि प्रत्येकाच्या फोनवर ही ओळ आली:

`??????? ?????????? ???`

तारीख आणि वेळेचे आकडे तेवढे जागेवर. सचिव म्हणाले, “सभासदांचे फोन जुने असतील.” मी प्रश्नचिन्हं मोजली. सात, दहा आणि तीन. ‘वार्षिक’ डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण आत सात क्रमांक असतात: व, काना, र, पाय मोडल्याची खूण, ष, वेलांटी, क. ‘सर्वसाधारण’चे दहा, ‘सभा’चे तीन. हिशोब तंतोतंत जुळला. म्हणजे वाटेत कुठेतरी देवनागरी न समजणाऱ्या यंत्रणेने दर क्रमांकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. मूळ क्रमांक पुसले गेले. आता हा मेसेज कुठल्याही फोनवर पाठवा, प्रश्नचिन्हंच दिसणार.

चूक सापडली. मोठ्या संख्येने एसएमएस पाठवायच्या पानावर Text आणि Unicode असे दोन पर्याय होते आणि Text निवडलेलं होतं. Unicode निवडून माझ्या नंबरवर चाचणी घेतली. मजकूर स्वच्छ आला, पण सुरुवातीला ‘श्री. ?????’. नाव तसंच! म्हणजे गळती दोन ठिकाणी होती.

नावं एक्सेलमधून आली होती आणि फाइल CSV (Comma delimited) म्हणून सेव्ह केली होती. या प्रकारात एक्सेल फाइल विंडोजच्या जुन्या संकेतात लिहितं. त्या कॉम्प्युटरवरच्या संकेतात देवनागरी नव्हतीच. फसगत अशी, की सेव्ह केल्यावरही पडद्यावर नावं ठीक दिसत राहतात. फाइल बंद करून पुन्हा उघडली की प्रश्नचिन्हं समोर येतात. सचिवांकडे मूळ एक्सेल फाइल होती म्हणून वाचलो. तीच CSV UTF-8 (Comma delimited) या पर्यायाने सेव्ह केली आणि नावं आली.

जाता जाता पैशाचा हिशोबही कळला. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात, युनिकोड एसएमएसमध्ये 70. त्या सत्तरात काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, मोकळी जागा, सगळं एकेक धरलं जातं. ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’ एवढ्यातच बावीस गेले. सत्तरच्या वर गेलं की मेसेजचे तुकडे होतात, दर तुकड्यात 67च बसतात आणि पैसे तुकड्यांप्रमाणे लागतात. सचिवांनी त्या दिवसापासून ‘आपणांस कळविण्यात अत्यानंद होतो की’ हे वाक्य सोडून दिलं.

३. रोमन कचरा दिसला तर आधी त्याची जात ओळखा.

हा कचरा दोन जातींचा असतो आणि दोन्ही जाती वाचवता येतात.

पहिल्या जातीत `à¤µà¤¾` असं काहीतरी दिसतं. ‘à¤’ हे जोडपं पुन्हा पुन्हा येत असेल तर निर्धास्त राहावं. UTF-8मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ते तिन्ही बाइट सुटे सुटे, युरोपातली अक्षरं समजून वाचले की हे रूप येतं. वरचे सहा तुकडे म्हणजे आपला ‘वा’. फाइल बिघडलेली नसते, वाचणाऱ्याने चष्मा चुकीचा लावलेला असतो. एक्सेलमध्ये ती डबल-क्लिक न करता From Text/CSV मधून घ्यावी आणि File Origin मध्ये 65001: Unicode (UTF-8) निवडावं.

दुसरी जात माझ्याच धंद्यातली. जुन्या अहवालातून कॉपी केलेला ‘वार्षिक’ मेसेजमध्ये असा उतरतो:

`okf"kZd`

हा कृतिदेव 010 मध्ये टाइप केलेला मजकूर. युनिकोड येण्याआधीच्या अशा फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असतात. o म्हणजे व, k म्हणजे काना. त्या फॉन्टशिवाय तो नुसताच इंग्रजी मजकूर. कन्व्हर्टर वापरून तो युनिकोडमध्ये आणता येतो, पण मूळ फॉन्ट कोणता हे आधी माहीत पाहिजे. एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही. बदललेला मजकूर मी नेहमी प्रूफासारखा वाचतो, विशेषतः रफार आणि वेलांट्या. कारण पुढच्या धड्यात आहे.

४. जोडाक्षर फुटलं तर आधी वेलांटी बघा.

वरच्या कृतिदेवमध्ये f, म्हणजे वेलांटी, ‘ष’च्या आधी आहे आणि Z, म्हणजे रफार, ‘ष’च्या नंतर. डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने. युनिकोडमध्ये आपण उच्चारतो त्या क्रमाने साठवलं जातं: आधी र, मग ष, मग वेलांटी. वेलांटी उचलून ‘ष’च्या डावीकडे नेणं आणि ‘र’चा रफार करून डोक्यावर चढवणं हे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं काम. ते त्याने केलं नाही, तर ‘र’ पाय मोडून खाली पडलेला दिसतो आणि वेलांटी ‘ष’च्या उजवीकडे लोंबते. फॉन्ट असूनही शब्द मोडलेला.

हे सगळ्यांत जास्त होतं ते ग्रुपवर फिरणाऱ्या रंगीत निमंत्रणांत. ते चित्र असल्यामुळे प्रत्येक फोनवर चूक सारखीच दिसते. म्हणजे दोष बनवणाऱ्याकडे. फोटोशॉपमध्ये World-Ready Layout लावलेलं नसेल तर अगदी हेच होतं. ते लावलं की तोच मजकूर, त्याच फॉन्टमध्ये, सरळ होतो.

मात्र प्रत्येक मोडका पाय हा आजार नसतो. वेलांट्या जागेवर आहेत आणि ‘ङ्क’, ‘द्भ’ अशी एक-दोनच जोडाक्षरं सुटी दिसतात, तर प्रोग्रॅम ठीक आहे. फॉन्ट बनवणाऱ्याने ती जोडचित्रं काढलेली नाहीत एवढंच. तेव्हा फक्त फॉन्ट बदलावा.

५. सगळं नीट दिसत असेल तरीही ‘ऱ्या’ तपासा.

एका लग्नघरातून मेसेज आला: ‘आचार्यांना आधी जेवायला वाढा.’ खरं तर सांगायचं होतं आचाऱ्यांबद्दल, स्वयंपाक करून दमलेल्या माणसांबद्दल. घरात गुरुजींची पंगत आधी बसली!

मराठीतला हा आडवा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात साधा र, पाय मोडल्याची खूण आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. काही प्रोग्रॅम न दिसणारी चिन्हं केर समजून झाडून टाकतात. ते जोडचिन्ह गेलं की र उडी मारून रफार होतो आणि सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होतो. चौकोन नाही, प्रश्नचिन्ह नाही, शुद्धलेखनतपासणीही गप्प, कारण दोन्ही शब्द खरेच.

दुसरा प्रकार पक्का. टिंबवाला ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षरच घ्यायचं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ते Shift आणि j वर आहे. त्यापुढे d आणि / दाबलं की ‘ऱ्य’ तयार. यात न दिसणारं काही नाही, त्यामुळे झाडून जाण्यासारखंही काही नाही.

६. गावभर पाठवण्याआधी एक ओळ पाठवा.

कुठलंही नवीन अ‍ॅप, नवीन फॉन्ट किंवा एसएमएसची नवीन सोय आली, की मी आधी ही ओळ स्वतःच्या आणि दुकानातल्या जुन्या फोनवर पाठवतो:

`वार्षिक सभेला आचाऱ्यांना ₹500 ॲडव्हान्स`

रफार, वेलांटी, आडवा र, रुपया आणि ॲ, सगळे एका ओळीत. मोजले तर 39 भरतात, एका एसएमएसात आरामात बसतात. परवा हीच ओळ चुकून पतसंस्थेच्या सचिवांना गेली. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला, “सगळं नीट दिसलं. पण हे पाचशे मंजूर कुणी केले?”