माल उतरतो त्या तासाबद्दल

चि. ओंकार,


परवा फोनवर तू म्हणालास की पहिल्या गिऱ्हाइकाची सहा पॅनेलं सोमवारी येतायत आणि स्ट्रक्चर अजून फॅब्रिकेटरकडेच पडलंय. म्हणजे माल दोन-तीन आठवडे त्यांच्या घरी राहणार. तुला वाटतं, पैसे मिळाले, माल पोचला, आता बसवायच्या दिवशी जाऊ. तसं करू नकोस. पंचवीस वर्षांची वॉरंटी टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा याच दोन-तीन आठवड्यांत ठरतं, आणि तेव्हा तिथे ना तू असतोस ना मी.

काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट तुला सविस्तर सांगतो. एका शिक्षकांचं घर बांधून होत आलं होतं. त्यांनी 540 वॉटची सहा पॅनेलं घेतली. माल मे महिन्यात उतरला. गवंड्यांनी ती स्लॅबवर एकावर एक आडवी रचली. कठड्याच्या आतून प्लास्टर चाललं होतं, म्हणून त्याच थप्पीवर फळी टाकून त्यावर उभं राहून काम केलं. फळी आहे म्हणजे वजन पसरलं, असं त्यांना वाटलं. काच एकही फुटली नाही. ऑगस्टमध्ये आम्ही पॅनेलं बसवली, व्होल्टेज मोजलं, सगळं बरोबर होतं. फेब्रुवारीत सरांचा फोन आला. स्वच्छ उन्हात दिवसाला बारा-तेरा युनिट यायला हवेत, तिथे नऊ येत होते. वर जाऊन वाकून पाहिलं तर चार पॅनेलांवर गोगलगाय चालत गेल्यासारख्या बारीक तपकिरी रेषा उमटल्या होत्या.

कंपनीच्या इंजिनिअरने रात्री अंधारात पॅनेलमधून करंट सोडून खास कॅमेऱ्याने फोटो काढले. चांगला सेल त्यात उजळ दिसतो, तुटलेला भाग काळा पडतो. फोटोत मधल्या सेलांवर फाटे फुटलेल्या काळ्या रेघा होत्या, थेट फळी होती त्या पट्ट्यात. क्लेम नामंजूर झाला. कारण लिहिलं होतं, चुकीची हाताळणी. मला राग आला होता, पण कागद वाचल्यावर कंपनीचं चुकलं असं म्हणता येईना. वॉरंटी कारखान्यातल्या दोषाची असते, आणि कामगिरीची असते ती पहिल्या वर्षी साधारण दोन टक्के आणि नंतर दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास होणाऱ्या नैसर्गिक घटीपुरती. घरी उतरल्यावर पडलेला ताण त्यात बसत नाही. सहाही पॅनेलं एकाच माळेत जोडलेली, त्यामुळे चार खराब पॅनेलांनी दोन चांगल्यांचा करंटही अडवला. चूक माझीही होती. माल उतरायच्या आधी मी सरांशी एक शब्द बोललो नव्हतो. चार पॅनेलं मी बदलून दिली.

हे का होतं ते समजून घे, म्हणजे गिऱ्हाइकाला नीट सांगता येईल. वरची काच तीन मिलिमीटरच्या आसपास असते, तिला बघून माणसाला वाटतं मजबूत आहे. पण आतला सिलिकॉनचा सेल मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही पातळ असतो. सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरपेक्षा थोडं कमी रुंद आणि अठ्ठावीस किलोच्या आसपास वजनाचं पॅनेल मधेच वाकलं की काच लवते आणि परत सरळ होते. सेल मात्र तडकतो आणि तडकलेलाच राहतो. त्या दिवशी मीटरवर काही कळत नाही. महिन्यांनी, ऊन-थंडीने तडा पसरला आणि ओल शिरली की रेषा दिसू लागतात.

म्हणून पॅनेलं खोक्यात जशी उभी आली तशीच उभी ठेवायला सांग. सुटी असतील तर फरशीवर दोन लाकडी पट्ट्या टाकून, भिंतीला किंचित रेलून, दोरीने बांधून. आडवी थप्पी नको, वर काही ठेवणं नको. उचलताना दोन माणसं, दोन्ही लांब बाजूंना फ्रेम धरून. आपल्याकडे हमाल चुंबळ ठेवून डोक्यावर घेतो, तिथेच बरोबर मध्य वाकतो. त्याला प्रेमाने थांबव, चार पैसे जास्त दे. मागच्या जंक्शन बॉक्सला किंवा वायरला धरून ओढायचं तर अजिबात नाही.

जागा कोरडी असू दे. पुठ्ठ्याचं खोकं पावसात मऊ पडतं आणि थप्पी कलते. कनेक्टरच्या टोप्या काढू देऊ नकोस, आत ओल गेली की पुढे तिथेच जळतं. गोठ्याशेजारी ठेवू नको म्हणावं, तिथल्या हवेतला अमोनिया फ्रेमला आणि जोडांना खातो. बांधकाम चालू असेल तर सिमेंटचं पाणी काचेवर उडतं. ते ओलं असतानाच साध्या पाण्याने धुवायचं, वाळलं की खरवडावं लागतं आणि काचेवरचा लेप जातो. घरातल्या मुलांना सांगायला लाव की उन्हात पॅनेल आपोआप चालू असतं. एकाचं व्होल्टेज पन्नासच्या आसपास, सहा जोडली तर तीनशेच्या जवळ. कोणीही कनेक्टर एकमेकांत घालून बघायचं नाही.

ट्रक आल्याच्या तासाचं मात्र नीट लक्षात ठेव. ड्रायव्हर घाईत असतो, चलनावर सही मागतो. खोक्याचा कोपरा चेपला असेल तर सही करण्याआधी चलनावरच तसं लिहायचं, "एका खोक्याचा खालचा उजवा कोपरा चेपलेला", आणि ड्रायव्हरची सही घ्यायची. "माल ठीक मिळाला" असं लिहून गेलेल्या कागदावर नंतर काही सिद्ध करता येत नाही. खोकं उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो, मग प्रत्येक पॅनेलच्या पुढचा, मागचा आणि सिरीयल नंबरच्या स्टिकरचा. ते नंबर बिलावर लिही. स्टिकर पुसट होतो, सुटतो, आणि नंबराशिवाय कंपनी क्लेम वाचतही नाही.

मग मीटर लाव. लेबलवर 49.5 लिहिलं असेल तर कडक उन्हात, तापलेल्या पॅनेलवर 44-45 दिसेल. घाबरू नकोस, तापल्यावर व्होल्टेज उतरतंच. पण तिसऱ्या भागाने पडून 30 च्या आसपास आलं तर मागचा एखादा डायोड गेलाय, ते पॅनेल तिथेच बाजूला काढ. आकडा ठीक आला तरी गिऱ्हाइकाला "पॅनेल तपासलं, सगळं उत्तम" असं लिहून देऊ नकोस. आतला तडा मीटर दाखवत नाही, म्हणून तर एवढी उठाठेव.

फ्रेमला नवीन भोक पाडणं आणि वायर लांब करायला कनेक्टर कापणं, या दोन्हींनी वॉरंटी जाते. हे फॅब्रिकेटरला तूच सांग, गिऱ्हाइकाला त्याला अडवता येत नाही.

उद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जा आणि पॅनेलं कुठे ठेवणार ती भिंत स्वतः बघ. जिन्याखालची जागा आहे म्हणालास, तिथे सव्वादोन मीटर लांब वस्तू वळते का, टेप लावून मोज. दोन लाकडी पट्ट्या आणि दहा फूट दोरी दुकानातूनच घेऊन जा.



तुझा,
मामा