चिमूटभर नळ्यांनी प्लास्टिकचं पोलाद का होत नाही?

प्रश्न : अंभोऱ्याला वैनगंगेवर केबलचा नवा पूल झाला, तो बघताना मुलाने विचारलं, "कार्बनच्या नळ्या पोलादापेक्षा कितीतरी मजबूत असतात म्हणे, मग या केबल त्यांच्या का नाही?" तेवढ्या नळ्या मिळत नसतील हे समजतं. पण मग साध्या प्लास्टिकमध्ये चिमूटभर मिसळून ते पोलादासारखं का करत नाहीत?
– एक वाचक, कुही

उत्तर : मुलाने ऐकलं ते खरं आहे, फक्त ते एका सुट्या नळीबद्दलचं आहे. या नॅनोनळीचा ताठपणा, म्हणजे ताणाला न लांबण्याचा गुण, सुमारे १००० गिगापास्कल भरतो, पोलादाचा २००. ताकद म्हणजे तुटेपर्यंत सोसलेला ताण. २००० साली एकेक नळी सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकांना धरून ओढली, तेव्हा ती ११ ते ६३ गिगापास्कलवर तुटली. चांगल्या पोलादी तारेची ताकद दोनच्या आसपास असते.

आता तुमची चिमूट. इपॉक्सी या चिकट राळेचा ताठपणा ३ गिगापास्कल धरू. तिच्यात आकारमानाने एक टक्का नळ्या घातल्या, सगळ्या एकाच दिशेला, सरळ आणि राळेला घट्ट धरून, तर हिशेबाने ताठपणा १३ होतो. चौपटीहून जास्त! पण मिसळताना नळ्या वाटेल त्या दिशेला पडतात. त्यामुळे त्यांचा हातभार पाचव्या हिश्श्यावर येतो आणि १३ चे ५ होतात. प्रत्यक्षात तुकडा ओढून बघितला की आकडा बहुतेकदा साडेतीन-चारावर अडतो. पोलाद २०० वर उभं आहे.

राहिलेलं हरवतं कुठे? आधी गुठळ्यांत. पिठल्यात बेसन एकदम सोडल्यावर होतं तसंच. नळी जेमतेम दहा नॅनोमीटर जाडीची आणि लांबीला तिच्या शेकडो पट. अशा नळ्या शेजारी आल्या की एकमेकींना चिकटून जुडगे बनतात. जुडग्याच्या आत राळ शिरत नाही, म्हणून आतल्या नळ्यांवर भार येतच नाही. वर मोठी गुठळी म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. म्हणून जास्त पावडर घातल्यावर कधीकधी ताकद वाढायच्या ऐवजी घटते. ध्वनिलहरींनी हलवून गुठळ्या फोडता येतात, पण त्याच झटक्यात नळ्या तुटून आखूड होतात.

आखूड झाल्याने काय बिघडतं, हे आपल्या धान पट्ट्यातल्या मातीच्या भिंतीवरून कळेल. मातीत तणस मळतात ते भिंतीला तडा जाऊ नये म्हणून. काडी लांब असेल आणि मातीने तिला धरलं असेल, तरच ती ताण घेते. तेल लावलेली बोटभर काडी नुसती सुटून येईल. नळीचंही तसंच. ३० गिगापास्कलला तुटणारी, दहा नॅनोमीटर जाडीची नळी घ्या. राळेची पकड चांगली, म्हणजे ३० मेगापास्कल असेल, तर नळीची पूर्ण ताकद वापरायला ती निदान पाच मायक्रॉन लांब हवी. हलवून एक मायक्रॉनची झाली असेल, तर तिच्यात ताकदीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ताण येऊच शकत नाही. आधी ती राळेतून सरकते. आणि पकड दहापट कमी असेल तर पन्नास मायक्रॉन लागतील!

पकड मुळात कमीच असते, कारण नळीची भिंत गुळगुळीत आणि रसायनांशी फटकून असते. अ‍ॅसिडने भाजून तिच्यावर आंकड्यांसारखे गट बसवता येतात, पण प्रत्येक आंकडा म्हणजे भिंतीला पडलेली जखम, आणि ताठपणा तर त्या अखंड भिंतीतच आहे. अनेक भिंतींच्या नळीत आणखी एक फसवणूक: राळ फक्त बाहेरच्या भिंतीला धरते, आतल्या भिंती म्यानातल्या तलवारीसारख्या सरकतात.

मुंबईच्या आयआयटीत अरूप भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी भिंत न जखमवता गुठळ्या सोडवायचा मार्ग शोधला. अमिनोहेक्झॅनॉइक आम्लाचा सोडियम क्षार त्यांनी नळ्यांवर बसवला आणि मग त्या वितळलेल्या नायलॉनमध्ये, म्हणजे पॉलिअमाइड ६ मध्ये, मिसळल्या. हा क्षार नळीला बांधला जात नाही, नुसता लगटून राहतो. २००६ च्या त्यांच्या निबंधात नळ्या किती पसरल्या हे वीजवहनावरून जोखलं होतं. नळ्या नीट पसरल्या की त्यांचं जाळं एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जुळतं आणि थोड्या नळ्यांतही वीज वाहू लागते. पण वीज वाहायला नळ्या जवळ आल्या तरी पुरतं, राळेने त्यांना धरायची गरज नसते. म्हणून चांगलं वीजवहन म्हणजे चांगली ताकद, असं समजू नका.

पकड बघायची तर तुकडा मोडून तुटलेला भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. लांब, स्वच्छ नळ्या बाहेर आलेल्या दिसल्या तर त्या सुटून आल्या. पृष्ठभागालगतच तुटलेल्या दिसल्या तर त्यांनी भार घेतला.

सध्या या नळ्यांचा मोठा खप बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये आणि स्थिर वीज साचू न देणाऱ्या प्लास्टिकमध्ये आहे. दोन्हीकडे काम वीज नेण्याचं, ओझं पेलण्याचं नाही. अंभोऱ्याच्या केबल पोलादाच्याच आहेत, आणि मुलाला सांगायला हरकत नाही की त्या बदलायचा विचार सध्या कोणी करत नाही.