महागाई भत्ता पगाराला मिळाला, हप्त्याला नाही

सेलू तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, राहतो परभणीत. मुलगी तीन वर्षांची असताना तिच्या शिक्षणासाठी पाच हजारांची एसआयपी सुरू केली. त्या वाटेवर उमगलेल्या चार गोष्टी.

1. पगार वाढला, हप्ता तिथेच राहिला. दर जुलैला मूळ वेतनावर तीन टक्के वेतनवाढ आणि अधूनमधून महागाई भत्ता मिळत गेला. हप्ता पाच वर्षं पाच हजारच. महागाई वाढते म्हणून भत्ता मिळतो, म्हणजे मुलीचं शिक्षणही महागतंय, हे मात्र मनात आलं नाही. आज बारा लाखांत होणारं शिक्षण सहा टक्के महागाईनं पंधरा वर्षांनी जवळपास 29 लाखांवर जातं.

2. उत्तर माझ्या पगारपत्रकातच होतं. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागल्यामुळे पेन्शनसाठी मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या दहा टक्के कपात होते. ती टक्केवारीत असल्यानं पगाराबरोबर आपोआप वाढत गेली. कधी जाणवलीही नाही. एसआयपीचा आकडा मी ठरवला होता, तो मीच हलवायचा होता.

3. उशिराची किंमत मोजता येते. दहा टक्के परतावा धरला (ही हमी नाही), तर पाच हजारांचा न बदलणारा हप्ता पंधरा वर्षांत सुमारे 21 लाख देतो. तोच दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढवला, म्हणजे दुसऱ्या वर्षी 5,300, तर सुमारे 29 लाख. यातली सगळी वाढ काही बाजाराची नाही. भरणाच नऊ लाखांऐवजी चौदा लाखांच्या घरात जातो. पाच वर्षं झोपून राहिल्यामुळे सहाव्या वर्षी मला पाचावरून एकदम सात हजारांवर जावं लागलं आणि पुढं दरवर्षी सहा टक्के वाढ धरावी लागली. घरात त्या दोन हजारांची ओढाताण सहा महिने जाणवली. दर जुलैला तीनशे-चारशे वाढवले असते, तर कुणाला कळलंही नसतं.

4. वाढ अडते ती कागदावर. माझ्या बँक मॅन्डेटची कमाल मर्यादा पाच हजारच होती, म्हणून वाढवलेला पहिला हप्ता परत गेला. नवं मॅन्डेट करताना मर्यादा पंधरा हजार ठेवली. पंधराव्या वर्षाचा हप्ताही त्यात बसतो. पगार कधी पाच तारखेला, कधी दहाला येतो, म्हणून हप्त्याची तारीख पंधरा केली. वाढीचा महिना ऑगस्ट ठेवला, वेतनवाढीचा पगार हातात पडल्यावरचा. गावाकडं अतिवृष्टीनं सोयाबीन गेलं त्या वर्षी वाढ थांबवली, हप्ता मात्र थांबवला नाही. ती राहिलेली वाढ पुढच्या ऑगस्टमध्ये भरून काढली.

तुमची वेतनवाढ ज्या महिन्यात होते, त्या महिन्याचं पगारपत्रक काढा आणि त्याशेजारी हप्त्याचा आकडा लिहून पाहा.